नागपूरच्या पावसात ऑफिसचे बूट

पहिल्या पावसाळ्यासाठी लेदरचा महागडा जोड घेऊ नका. चामडं भिजल्यानं लगेच बिघडत नाही. आधी सुटतो तो सोल, कारण बहुतेक फॉर्मल बुटांत तो नुसता चिकटवलेला असतो. त्यापेक्षा वरचा भाग आणि सोल एकाच साच्यातून निघालेला काळा पीव्हीसी बूट घ्या. सांधाच नाही, तर पाणी शिरणार कुठून? मात्र तो पायाप्रमाणे सैल होत नाही, म्हणून मोजे घालूनच माप बघा. तळाला खोल खाचा हव्यात, नाहीतर ऑफिसच्या ओल्या फरशीवर घसराल.

पाणी घोट्याखाली असेल तोवरच हे चालतं. नरेंद्रनगरच्या पुलाखाली साचतं तेवढं पाणी वरून आत येतं, मग बूट कोणताही असो. रस्त्यात असा पूल असेल तर जाता-येता सँडल घाला आणि लेदरचा जोड ऑफिसच्या खणातच ठेवा, सोबत कोरडे मोजेही. रोज पिशवीतून नेण्यात अर्थ नाही. बाहेर मीटिंग असेल त्याच दिवशी न्या.

लेदर भिजलंच तर आतला तळवा काढा, वर्तमानपत्राचे बोळे कोंबा, दोन तासांनी बदला आणि पंख्याखाली ठेवा. हेअर ड्रायरनं चामडं तडकतं.