तारीख कार्डात नाहीये गं

"ताई, ऑगस्टमध्ये तुमच्याकडून तीन टॅरो कार्डांचं रीडिंग घेतलं होतं. टू ऑफ कप्स, मध्ये टू ऑफ स्वॉर्ड्स आणि शेवटी फोर ऑफ वँड्स. तुम्ही म्हणालात नातं चांगलंय पण तारीख सांगता येणार नाही. नंतर मी शोधलं तर फोर ऑफ वँड्स हे लग्नाचंच कार्ड आहे आणि त्याला तारीख पण असते, ११ ते २० एप्रिल! दुसऱ्या एका रीडरने चार महिने सांगितले, अजून एकीने चार आठवडे (ते तर होऊन गेले). आता कोणाचं खरं मानू? आम्ही चार वर्षं सोबत आहोत, दोन्ही घरी माहीत आहे, काहीच अडचण नाही. त्याने दोनदा तारखेचं काढलं होतं पण मीच विषय बदलला, म्हटलं आधी कार्ड्समधून कळू दे. प्लीज एकच एक्झॅक्ट तारीख सांगा, मला हे डोक्यातून काढून टाकायचंय."

अगं, एवढ्या पत्रात एक वाक्य तू असं पटकन टाकून पुढे गेलीस की जणू ते सांगितलं नसतं तरी चाललं असतं. मीच विषय बदलला म्हणे! खरं सांगते, त्या वाक्याशी मी थांबले आणि पुढचं वाचायचा माझा उत्साहच गेला. पण तू एवढी शोधाशोध केली आहेस तर आधी त्या एप्रिलचाच निकाल लावू, नाहीतर मी काहीही म्हटलं तरी तू मनात "पण ११ ते २०..." करत बसशील.

ही तारीख आली कुठून ते बघ. टॅरोचे पत्ते पंधराव्या शतकात उत्तर इटलीत बनले ते खेळायला. हुकमाच्या पत्त्याने हात जिंकायचा, साधा पत्त्यांचा खेळ. भविष्य बघण्यासाठी त्यांचा बोलबाला अठराव्या शतकाच्या शेवटी सुरू झाला, आणि तुला सापडलेलं तारखांचं कोष्टक तर त्याहून नवीन आहे. १८८८ मध्ये लंडनला गोल्डन डॉन नावाचं एक गुप्त मंडळ निघालं. राशिचक्र ३६० अंशांचं, त्याचे दहा-दहा अंशांचे ३६ भाग पाडायची पद्धत आधीपासून होतीच. या लोकांनी ते भाग पत्त्यांना वाटून दिले. चार सूट, प्रत्येकातले दोन ते दहा नंबरचे नऊ पत्ते, म्हणजे बरोबर ३६. सूर्याला दहा अंश जायला साधारण दहा दिवस लागतात, म्हणून प्रत्येक पत्त्याच्या वाट्याला दहा दिवस आले आणि मेष राशीचा शेवटचा तुकडा फोर ऑफ वँड्सला मिळाला. झाला तुझा ११ ते २० एप्रिल.

आता यात तीन गोष्टी कोणी सांगत नाही. एक म्हणजे यात वर्षच नाही! ११ एप्रिल दर वर्षी येतो, पुढच्या वर्षी येईल, त्याच्या पुढच्या वर्षीही येईल, कार्ड गप्प. दुसरं, मेष राशी सायन, म्हणजे ऋतूंवरून मोजली तर एप्रिल येतो, निरयन, म्हणजे ताऱ्यांवरून मोजली तर तोच तुकडा मेच्या पहिल्या पंधरवड्यात जातो, आणि कार्ड काढताना यातलं काय धरायचं हे तुझ्या त्या कोष्टकवाल्याने विचारलं होतं का तुला? आणि तिसरं, डेकमध्ये ७८ पत्ते आहेत, त्यातल्या छत्तीसच पत्त्यांना हे दहा दिवस मिळालेत. तुझ्या शेवटच्या जागी डेथचं कार्ड किंवा एखादा एक्का आला असता तर तुला या कोष्टकात तुझी दहा दिवसांची खिडकी मिळालीच नसती. म्हणजे सगळं मान्य केलं, अगदी डोळे झाकून, तरी हातात येते ती वर्ष नसलेली दहा दिवसांची खिडकी. एक तारीख नाहीच.

आणि त्या दुसऱ्या दोघींचं? त्या खोटं बोलल्या असं मी म्हणत नाही, त्यांनी फक्त वेगळी पट्टी लावली. काही रीडर वँड्स म्हणजे दिवस धरतात, काही आठवडे, कोणी सरळ महिने. ऋतू धरणारेही आहेत आणि त्यांच्यातही एकमत नाही, कोणाचे वँड्स वसंतात तर कोणाचे उन्हाळ्यात. आता तुझंच कार्ड घे. रीडिंग ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यात झालं. चार दिवस धरले तर ऑगस्टमध्येच लग्न व्हायला हवं होतं. चार आठवडे धरले तर सप्टेंबर, तोही गेला. चार महिने म्हणजे डिसेंबर. कोष्टक म्हणतं एप्रिल किंवा मे, आणि ऋतूवाले म्हणतील जून-जुलैपर्यंत कधीही. एकाच पत्त्याचे अंदाज ऑगस्टपासून पुढच्या जुलैपर्यंत पसरले की! यातल्या कुठल्याही महिन्यात तुझं लग्न झालं तर कोणीतरी एक जण छाती काढून म्हणणार, बघ मी सांगितलं होतं, आणि बाकीच्यांचं काय चुकलं ते कोणी विचारणार नाही, तू तर नाहीच, तू मांडवात असशील. आधी माप घ्यायचं आणि मग ते इंचात की सेंटिमीटरमध्ये ते ठरवायचं, असा प्रकार आहे हा.

एखादी रीडर तारीख सांगतेच म्हणत असेल तर पत्ते पिसायच्या आधी तिला विचार, तू कुठली पद्धत लावणार, आणि काय झालं नाही तर तुझं चुकलं असं आपण धरायचं? दोन्ही उत्तरं कागदावर लिहून घे. जी आधी सांगेल ती निदान प्रामाणिक आहे. पत्ता उघडल्यावर पद्धत निवडणारीचं ऐकू नकोस.

बरं, फोर ऑफ वँड्स हे "लग्नाचंच कार्ड" हेही तितकं पक्कं नाही हं. आपल्याकडे आला तो डेक १९०९ चा, चित्रं पामेला कोलमन स्मिथची. चार काठ्या उभ्या, वर हार बांधलेला, मागे गढी, दोन माणसं हातात फुलं उंच धरून उभी. मांडवासारखं दिसतं म्हणून सगळे लग्न म्हणतात आणि म्हणायला हरकतही नाही, मीही म्हणते, पण ज्या वेटने तो डेक काढला त्याने स्वतः याचे अर्थ विसावा, सुसंवाद, भरभराट असे दिले आहेत. घर बदलणं, घरी परत येणं असंही वाचतात लोक. मी तुला त्या दिवशी म्हणाले होते की हे नातं घर करण्याच्या दिशेने चाललंय. तेवढंच ते कार्ड त्या जागेवर सांगू शकतं.

आणि आता ते मधलं कार्ड, ज्याच्याबद्दल तुझ्या पत्रात नाव सोडून एक अक्षर नाही. पहिलं कार्ड शोधलंस की नाही माहीत नाही, शेवटच्याची तर तू पारायणं केलीस, आणि मधलं तसंच पडून राहिलं. ती मांडणी आठवतेय ना, पहिली जागा काय आहे, दुसरी काय अडवतंय, तिसरी कुठे चाललंय. अडवण्याच्या जागेवर टू ऑफ स्वॉर्ड्स आहे. ते चित्र आत्ता उघड आणि नीट बघ. एक बाई दगडी बाकावर बसलीये, पाठीमागे समुद्र, पाण्यात खडक, वर चंद्रकोर. डोळ्यांवर पट्टी. दोन्ही हात छातीवर फुली करून दोन तलवारी धरल्यात, दोन्ही खांद्यांवरून वर गेलेल्या, म्हणजे पुढून कोणी जवळ यायला नको. आता शेजारी एट ऑफ स्वॉर्ड्स काढून ठेव. तिथेही बाई आहे, तिथेही पट्टी आहे, पण तिचं अंग बांधलेलं आहे, तिला हात हलवता येत नाहीत. तुझ्या कार्डातल्या बाईला कोणी बांधलेलं नाहीये गं. तलवारी तिने स्वतः धरल्यात. खाली ठेवल्या तर पट्टी स्वतःच सोडता येईल, पण ठेवत नाही.

कार्डात आलं म्हणून तू तशी आहेस असं मी म्हणत नाही, पत्ते पिसले की काहीतरी येतंच. तू स्वतःच्या हाताने लिहिलंस म्हणून म्हणतेय. ज्याच्याशी लग्न करायचंय तो माणूस समोर बसून दोनदा तारखेचं काढतो आणि तू विषय बदलतेस, मग घरी येऊन तिघींना त्याच प्रश्नाचं उत्तर विचारतेस. लग्नाची तारीख म्हणजे पाऊस नाही, कधी पडेल ते वरून ठरायला. तुम्ही दोघं बसून ठरवाल तेव्हा ती तयार होणार, आणि जे अजून कोणी ठरवलेलंच नाही ते ७८ पत्त्यांत कुठून सापडणार? मी तारीख सांगत नाही ती काही नम्रता नाही किंवा अजून एका सेशनचे पैसे काढायची युक्तीही नाही. सांगण्यासारखं काही तिथे नाही म्हणून सांगत नाही.

आणि मला वाटतं हे तुला आतून माहीत आहे. तारीख हवी असणारी मुलगी तारखेचा विषय निघाल्यावर पळत नाही. तुला तारीख नकोय, तारीख ठरवायची जबाबदारी नकोय. कार्डाने सांगितलं म्हणजे पुढे काही बिनसलं तर दोष कार्डाचा, असं काहीसं. कशाची भीती आहे ते मला माहीत नाही आणि मी उगाच अंदाजही करणार नाही, पण "काहीच अडचण नाही" हे तू ज्या घाईने लिहिलंस ते मला पटलेलं नाही.

बिचारा तो मात्र चांगलाच दिसतो, दोनदा विचारलं त्याने. तिसऱ्यांदा विचारेल याची वाट बघू नकोस. या आठवड्यात तू विषय काढ. कार्ड्स, एप्रिल, चार महिने हे काही बोलू नकोस, सरळ म्हण की तू दोनदा विचारलंस आणि दोन्ही वेळा मी टाळलं, आणि टाळलं ते या या कारणाने. कारण खरं सांग. ते सांगताना घसा दाटला तरी चालेल, लग्न कधी हे त्याच दिवशी ठरलं नाही तरी चालेल, पण विषय बदलायचा नाही.

आणि तोपर्यंत तारखेसाठी माझ्याकडे बुकिंग करू नकोस, मी घेणार नाही. अजून कोणाकडे पण जाऊ नकोस, रोज सकाळी ॲपवर कार्ड काढणं चालू असेल तर तेही बंद. त्याच्याशी बोलून झाल्यावर तुला कळलं की काहीतरी खरंच अडतंय, तर ते काय आहे हा प्रश्न घेऊन ये, मग बसू आपण, आणि त्या मधल्या कार्डापासून सुरू करू.