कट-ऑफ तपासणी: बिलाची तारीख आणि ताब्याची तारीख

प्रश्न: आर्टिकलशिपचं पहिलं वर्ष आहे, नागपूरला. ३१ मार्चचं कट-ऑफ बघायला सांगितलंय. विक्री, खरेदी आणि वाटेतला माल यांत नेमकं काय तपासायचं? चुका कुठे सापडतात?

सुरुवात फाटकावरच्या आवक-जावक रजिस्टरपासून करावी. साठा मोजणीच्या वेळीच शेवटच्या जीआरएनचा, म्हणजे माल मिळाल्याच्या नोंदपत्राचा, आणि शेवटच्या जावक चलनाचा क्रमांक स्वतः टिपून ठेवावा. नंतर मागितल्यास मिळणारा क्रमांक तोच असेल याची खात्री नसते.

विक्रीच्या बाबतीत जीएसटीचे बिल माल हलवण्यापूर्वी किंवा हलवताना करावे लागते, त्यामुळे त्यावरची तारीख ग्राहकाला ताबा मिळाल्याची असेलच असे नाही. समजा, बुटीबोरीच्या कारखान्याने ३० मार्चला चेन्नईच्या ग्राहकाला जीएसटी वगळून १२ लाखांचा माल पाठवला, त्याची किंमत कारखान्याला ९ लाख पडली, आणि ऑर्डरमध्ये 'एफओआर चेन्नई, वाटेतली जोखीम विक्रेत्याची' अशी अट आहे. बिल्टीच्या पोचपावतीवर ३ एप्रिलचा शिक्का असेल, तर ही मार्चची विक्री नव्हे. १२ लाखांची विक्री उलटवून ९ लाख वाटेतला माल म्हणून साठ्यात घ्यावे लागतात, आणि नफा ३ लाखांनी उतरतो. इथे अकाउंटंट हमखास अडतो की, 'जीएसटी तर मार्चमध्येच भरला आहे!' तो मार्चमध्येच राहतो. पुस्तके आणि जीएसटीआर-१ यांतला फरक ताळमेळात दाखवायचा असतो.

खरेदीतली चूक नफ्याला अधिक महाग पडते. ३१ मार्चच्या संध्याकाळी ४ लाखांची कॉइल उतरते, मोजणीत धरली जाते, पण बिल लेखा विभागात पोहोचून नोंदले जाते ६ एप्रिलला. साठा आहे आणि खरेदी नाही, म्हणजे नफा पूर्ण ४ लाखांनी फुगतो. ही चूक खरेदीखाते चाळून सापडत नाही, कारण मार्चच्या खात्यात ती नोंदच नसते. आवक रजिस्टरवरून खात्याकडे यावे लागते आणि एप्रिलमध्ये नोंदलेली बिले जीआरएनच्या तारखेशी लावून पाहावी लागतात.

रायपूरच्या पुरवठादाराकडून 'एक्स-वर्क्स' अटीवर, म्हणजे त्याच्या दारापासूनच जोखीम आपली या अटीवर, २९ मार्चला निघालेला माल २ एप्रिलला पोहोचला, तर ३१ मार्चला वाटेत असलेला तो माल आपलाच. बिल नोंदून साठा वगळला, तर नफा घटतो. दोन्ही वगळले, तर नफा जागेवर राहतो, मात्र साठा आणि देणी दोन्ही कमी दिसतात. ढोबळ नफ्याचे प्रमाण बिघडत नसल्याने ही चूक सहज निसटते.

ई-वे बिलावर फार विसंबू नये. त्यातून माल निघाल्याचे कळते, पोहोचल्याचे नाही. आणि सरसकट 'आधीचे पाच, नंतरचे पाच दिवस' असा नमुना घेण्यापेक्षा कालावधी वाहतुकीच्या अंतरावर ठरवावा: गुवाहाटीला माल जात असेल, तर २५ मार्चपूर्वीची बिलेही तपासावी लागतील.