मध्ये पडण्याआधी भांडण कागदावर मांडा

प्रश्न: सांगलीतल्या आमच्या ऑफिसात वसुली आणि हिशेब विभागाचं जुंपलंय. मिटवायला जाण्याआधी काय तयारी करू?

उत्तर: कागदाच्या मधोमध वादाचा विषय लिहा, कुणाला दोष न देता: 'पावत्या कधी जमा व्हाव्यात'. भोवती प्रत्येक गट, त्याची गरज आणि भीती. आमच्याकडे हिशेबवाले 'पाचच्या आत पावत्या द्या' म्हणून अडून बसले होते. ही झाली मागणी. गरज होती त्याच दिवशी मेळ बसण्याची, भीती होती ऑडिटमधला फरक आपल्या माथी येण्याची. वसुलीवाल्यांना धास्ती, तासगावहून घाईत परतून रक्कम मोजताना चूक होईल. म्हणजे दोघंही फरकालाच घाबरत होते! लिहिलेली 'गरज' एकाच उपायाने भागत असेल, तर ती अजून मागणीच आहे. काउंटरवरच्या ताईंनाही कागदावर घ्या, दोन्हीकडचा राग त्याच झेलतात. आणि भीती एकेकट्याला गाठून विचारा, गटासमोर कुणी बोलत नाही.