तीन फ्रेम असताना फिफोचे पेज फॉल्ट एलआरयूपेक्षा कमी कसे येतात?

प्रश्न: सोबत वहीच्या पानाचा फोटो जोडला आहे. तीन फ्रेम धरून माझे फिफोचे ९ आणि एलआरयूचे १० पेज फॉल्ट येतात. मैत्रिणीचे दोन्हींचे ९ येतात. एलआरयू तर चांगली पद्धत ना? मग माझे कुठे चुकले?

उत्तर: तुमचे काहीही चुकलेले नाही; ९ आणि १० हीच बरोबर उत्तरे आहेत. फोटोतील सातवा अंक मी ५ असा वाचला आहे, पण त्याची वरची आडवी रेघ पुसट असल्यामुळे तो ३ असाही वाचता येतो. तो ३ धरून मी मोजून पाहिले, तर दोन्ही पद्धतींचे ९-९ फॉल्ट येतात. तुमच्या मैत्रिणीची रीत बरोबर असून तिने बहुधा हा एकच अंक वेगळा वाचला असावा, म्हणून आधी मूळ प्रश्नपत्रिकेतून तो पडताळून घ्यावा.

५ धरल्यास पूर्ण मोजणी अशी होते. × म्हणजे फॉल्ट, ✓ म्हणजे पान आधीच फ्रेममध्ये होते.

```
संदर्भ : १ २ ३ ४ १ २ ५ १ २ ३ ४ ५
फिफो   : × × × × × × × ✓ ✓ × × ✓
एलआरयू : × × × × × × × ✓ ✓ × × ×
```

फ्रेम सुरुवातीला रिकाम्या असल्या, तरी पहिली तीन पाने आणतानाचे फॉल्टही मोजायचेच असतात. ते गाळल्यामुळे उत्तर तीनने कमी आलेले मी विद्यार्थ्यांच्या वह्यांत वारंवार पाहिले आहे. पहिल्या सात संदर्भांत एकही पान दुसऱ्यांदा वापरले जाईपर्यंत फ्रेममध्ये टिकत नाही, त्यामुळे सर्वांत आधी आलेले पान आणि सर्वांत जास्त काळ न वापरलेले पान एकच असते आणि दोन्ही पद्धती अगदी सारख्या वागतात. सातव्या संदर्भानंतर दोन्हींकडे १, २ आणि ५ ही पाने असतात.

फरकाचे मूळ आठव्या आणि नवव्या संदर्भात आहे. तेथे १ आणि २ फ्रेममध्येच सापडतात. फिफो या वापराची दखल घेत नाही, त्यामुळे तिच्या रांगेत सर्वांत जुने पान १ हेच राहते. एलआरयूच्या दृष्टीने मात्र १ आणि २ आता ताजी झाली आणि ५ मागे पडले. दहाव्या संदर्भाला ३ हवे असते, तेव्हा फिफो १ ला काढते, तर एलआरयू ५ ला. अकराव्या संदर्भाला ४ साठी फिफो २ ला काढते आणि एलआरयू १ ला. बाराव्या संदर्भाला नेमके ५ मागितले जाते. फिफोकडे ते शिल्लक आहे, एलआरयूने ते दोन पावलांपूर्वीच गमावलेले आहे. एका फॉल्टचा फरक येतो तो एवढ्यामुळेच.

एलआरयूची सारी भिस्त नुकतेच वापरलेले पान लवकरच पुन्हा लागेल या अंदाजावर आहे. प्रत्यक्षातील प्रोग्राममध्ये लूप असतात, तीच ती पाने काही काळ पुन्हा पुन्हा लागतात, म्हणून तेथे हा अंदाज बहुतेक वेळा खरा ठरतो. या स्ट्रिंगच्या शेवटी मात्र १ आणि २ पुन्हा येतच नाहीत. ‘एलआरयू चांगली’ हे विधान अशा सर्वसाधारण वागणुकीबद्दल आहे. प्रत्येक स्ट्रिंगवर तिचे फॉल्ट कमीच येतील, अशी हमी त्यात नाही.

एलआरयूचे उत्तर तपासण्याची एक सोपी रीत आहे. तीन फ्रेम असतील, तर कोणत्याही क्षणी त्यांत शेवटची तीन वेगवेगळी पाने असलीच पाहिजेत. म्हणून प्रत्येक अंकापासून मागे जाऊन तोच अंक आधी कुठे आला ते पाहावे आणि मधली वेगवेगळी पाने मोजावीत. ती तीन किंवा अधिक असतील, तर फॉल्ट. शेवटच्या ५ च्या आधी, मागच्या ५ पर्यंत १, २, ३, ४ अशी चार पाने येतात, म्हणजे तेथे फॉल्ट निश्चित आहे. फिफोला ही रीत लागू पडत नाही. तेथे रांगच लिहून काढावी लागते आणि पान सापडल्यावर त्याला रांगेच्या शेवटी नेण्याचा मोह टाळावा लागतो. तसे केले, तर आपण नकळत एलआरयूच सोडवत असतो आणि फिफोचेही उत्तर १० येते.

ही स्ट्रिंग प्रश्नात देण्यामागे बहुधा आणखी एक हेतू असतो. तीनऐवजी चार फ्रेम घेतल्या, तर एलआरयूचे फॉल्ट १० वरून ८ वर येतात, पण फिफोचे ९ वरून १० वर जातात. फ्रेम वाढवूनही फॉल्ट वाढण्याच्या या प्रकाराला बेलाडीची विसंगती म्हणतात; बेलाडी, नेल्सन आणि शेडलर यांनी ती १९६९ मध्ये मांडली. एलआरयूमध्ये असे होऊ शकत नाही, कारण शेवटच्या चार वेगवेगळ्या पानांत शेवटची तीन असतातच, म्हणून तीन फ्रेममध्ये सापडणारे पान चार फ्रेममध्येही सापडते. प्रश्नाच्या पुढच्या भागात चार फ्रेम दिल्या असतील, तर हे कारण उत्तरात अवश्य लिहावे.