उत्पन्न १,९६,००० ± २,८१,०००: सरांनी लाल पेन का फिरवला?

प्रश्न: चोपडा तालुक्यातल्या १२० कुटुंबांचा सर्व्हे करून एम.ए. अर्थशास्त्राचा लघुप्रबंध लिहितोय. 'वार्षिक उत्पन्न १,९६,००० ± २,८१,००० रुपये' असं वाक्य होतं. सरांनी त्यावर लाल पेनने 'मीडियन आणि आयक्यूआर द्या' एवढंच लिहून परत केलं. का द्यायचं, आणि परिच्छेद नेमका कसा लिहायचा?

उत्तर:

आधी तुमच्याच वाक्यातली वजाबाकी करून बघा. १,९६,००० मधून २,८१,००० गेले की उणे ८५,००० उरतात. सरासरीच्या दोन्ही बाजूंना एकेक प्रमाण विचलन घेतलं की मधल्या पट्ट्यात साधारण दोन तृतीयांश कुटुंबं येतात, असं वाचणारा मनात धरतो, कारण घंटेच्या आकाराच्या वितरणात तसं असतं. तुमचा पट्टा मात्र उणे ८५ हजारांपासून सुरू होतो. तिथे राहणारं एकही कुटुंब तुमच्या यादीत बहुधा नसेल. सरांना ते एका नजरेत दिसलं असणार. जी गोष्ट सहसा शून्याखाली जात नाही तिचं प्रमाण विचलन सरासरीच्या निम्म्याहून जास्त आलं, तरी शंका घ्यावी. तुमचं तर सरासरीच्याही पुढे गेलंय.

हे का होतं ते अकरा घरांवर दाखवतो. आकडे मी रचलेले आहेत, पण तापीकाठच्या कुठल्याही केळीच्या गावात थोड्याफार फरकाने अशीच रांग लागेल. वर्षाचं निव्वळ उत्पन्न, हजार रुपयांत:

४८, ६०, ६६, ७२, ८४, ९०, १०८, १२०, १५०, २४०, ११६२

पहिली काही घरं शेतमजुरांची, मधली सालदार आणि दोन-तीन एकर कोरडवाहू कापूसवाल्यांची, १५० आणि २४० ही थोडं बागायत असलेल्यांची आणि शेवटचं घर मोठ्या केळीबागेचं. बेरीज होते २२००, म्हणून सरासरी बरोबर दोन लाख. आता अकरापैकी किती घरांना दोन लाखांपेक्षा जास्त मिळतात ते मोजा: दोन. म्हणजे ज्या आकड्याला आपण 'सरासरी कुटुंब' म्हणतोय, त्याच्या खाली नऊ घरं आहेत.

प्रमाण विचलन येतं सुमारे ३,२४,०००. ते काढताना प्रत्येक घराचं सरासरीपासूनचं अंतर घेऊन त्याचा वर्ग करतात, आणि खरी गडबड त्या वर्गात आहे. केळीवाल्याचं अंतर ९६२, त्याचा वर्ग ९,२५,४४४. सगळ्या अकरा घरांच्या वर्गांची बेरीज १०,४७,००८. म्हणजे बेरजेचा ८८ टक्के हिस्सा एकट्या घराचा. तेव्हा ३,२४,००० हा आकडा गावातल्या उत्पन्नाचा फरक सांगत नाही, तो जवळजवळ पूर्ण त्या एका बागेबद्दल बोलतो. तेवढं घर यादीतून काढून बघा (फक्त प्रयोग म्हणून, प्रबंधात नको). सरासरी दोन लाखांवरून १,०३,८०० वर येते आणि प्रमाण विचलन ५६,८०० च्या आसपास. मध्यक, म्हणजे सरांचा मीडियन, मात्र ९०,००० वरून ८७,००० होतो, एवढंच. त्याला शेवटच्या घराने अकरा लाख कमावले की एकवीस लाख, याच्याशी देणंघेणं नाही. ते घर रांगेत शेवटी उभं आहे, इतकंच तो बघतो.

माझ्या पहिल्या सर्व्हेत मीही हेच केलं होतं. ग्रामपंचायतीच्या ओट्यावर बसून मोठ्या अभिमानाने 'तुमच्या गावाचं सरासरी उत्पन्न' वाचून दाखवलं. एक म्हातारे बाबा म्हणाले, "आमना गावमा इतला पैसा कोनाकडे शे रे भाऊ?" सगळे हसले. दोनच जण हसले नाहीत, आणि ते दोघं कोण ते गावाला माहीत होतं.

आता मध्यक आणि चतुर्थक काढू. अकरा घरं चढत्या क्रमाने उभी केली की सहावं घर मधलं, म्हणून मध्यक ९०,०००. पहिल्या चतुर्थकाच्या खाली साधारण पाव घरं असतात, तिसऱ्याच्या वर साधारण पाव. मधली निम्मी घरं या दोघांच्या मध्ये, आणि या दोघांतलं अंतर म्हणजे सर म्हणतात ते आयक्यूआर, आंतरचतुर्थक विस्तार. एक्सेलमध्ये:

```
=MEDIAN(B2:B12)
=QUARTILE.INC(B2:B12,1)
=QUARTILE.INC(B2:B12,3)
```

याने चतुर्थक येतात ६९,००० आणि १,३५,०००. आता `QUARTILE.INC` ऐवजी `QUARTILE.EXC` लिहा, ६६,००० आणि १,५०,००० येतील. दोन्ही बरोबर आहेत. चतुर्थकाची जागा दोन घरांच्या मध्ये पडली तर नेमकं कुठे थांबायचं, याच्या रीती वेगवेगळ्या आहेत. एसपीएसएसच्या Frequencies मधले चतुर्थक `QUARTILE.EXC` च्या रीतीने येतात. १२० घरांत हा फरक अकरा घरांइतका मोठा नसेल, पण तक्ता एक्सेलमधून आणि परिच्छेद एसपीएसएसमधून घेतलात तर आकडे जुळणार नाहीत आणि तोंडी परीक्षेत तेच विचारतील. एकच साधन धरा आणि कुठलं वापरलं ते पद्धतीच्या प्रकरणात एका ओळीत लिहा.

सगळ्यात जास्त चूक होते ती पुढच्या पायरीवर. मुलं सरांचं ऐकून मध्यक घेतात, पण सवयीने '९०,००० ± ८४,०००' असं लिहितात. १,५०,००० मधून ६६,००० वजा करून ८४,००० येतात हे खरं, पण ± चिन्ह लावलं की दोन्ही बाजू सारख्या आहेत असा अर्थ होतो. इथे मध्यकापासून खाली पहिल्या चतुर्थकापर्यंत अंतर २४,००० आहे, वर तिसऱ्यापर्यंत ६०,०००. खालची घरं एकमेकांना चिकटून आहेत आणि वरची पांगलेली. वितरण उजवीकडे कललेलं आहे ही तुमची मुख्य गोष्ट याच दोन आकड्यांत दिसते, आणि नुसता ८४,००० लिहिला की ती पुसली जाते. म्हणून वजाबाकी न करता दोन्ही चतुर्थक द्या.

परिच्छेद असा होईल (एसपीएसएसचे आकडे घेतलेत):

> पाहणीतील ११ कुटुंबांच्या वार्षिक निव्वळ उत्पन्नाचे वितरण उजवीकडे कललेले असल्याने ते मध्यक आणि चतुर्थकांच्या आधारे मांडले आहे. मध्यक उत्पन्न ९०,००० रुपये होते (पहिले ते तिसरे चतुर्थक: ६६,००० ते १,५०,००० रुपये). सर्वांत कमी उत्पन्न ४८,००० व सर्वांत जास्त ११,६२,००० रुपये होते. सरासरी उत्पन्न २,००,००० रुपये असले तरी त्याहून अधिक उत्पन्न केवळ दोन कुटुंबांचे होते.

शेवटचं वाक्य ऐच्छिक आहे, पण मी ठेवतो. सरासरी आणि मध्यक यांच्यातली दरी हाच विषमतेचा पुरावा असतो, आणि वाचणाऱ्याला तो आयता मिळतो. शिवाय सरासरीचं एक काम मध्यकाला जमत नाही: सरासरीला घरांच्या संख्येने गुणलं की गावाचं एकूण उत्पन्न मिळतं. ९०,००० गुणिले ११ केलेत तर ९,९०,००० येतील, खरी बेरीज २२ लाख आहे. प्रबंधात पुढे कुठे 'एकूण' किंवा 'दरडोई' काढणार असाल तर सरासरी लागेलच. प्रमाण विचलन मात्र या परिच्छेदात कुठल्याच कामाचं नाही.

यादीतल्या त्या शेवटच्या घराबद्दल. बॉक्सप्लॉट काढलात की सॉफ्टवेअर त्याला बाहेरचा बिंदू म्हणून दाखवील, कारण तिसऱ्या चतुर्थकापासून दीड आयक्यूआरपेक्षा दूर असलेलं सगळं ते बाहेर टाकतं. एक्सेलचे पहिले आकडे घेतले तर ती सीमा २,३४,००० वर पडते, म्हणजे साधं २,४०,००० वालं घरसुद्धा 'बाहेरचं' ठरतं! उत्पन्नाच्या आकड्यांत हे नेहमीचं आहे. तेवढ्यावरून घर काढून टाकू नका. फॉर्म उघडून बघा. एखादं शून्य जास्त पडलंय का, महिन्याचा आकडा आधीच वर्षाचा होता आणि परत बाराने गुणला गेलाय का. आणि केळीवाल्यांच्या बाबतीत सगळ्यात महत्त्वाचं: व्यापाऱ्याने दिलेल्या पट्टीवरचा आकडा उत्पन्न म्हणून लिहिलाय का? पट्टी म्हणजे विक्री. त्यातून रोपं, ठिबक, खतं, मजुरी वजा व्हायची असते. मजुराचं उत्पन्न निव्वळ आणि बागायतदाराचं ढोबळ धरलं की उजवी शेपूट अर्धी तुमच्याच फॉर्मने वाढवलेली असते, आणि ती चूक मध्यकाच्या मागे बऱ्यापैकी लपून जाते. वादळात बाग आडवी झालेल्या वर्षी एखाद्याचं निव्वळ उत्पन्न उणेही असू शकतं. ते खरं असेल तर तसंच ठेवा, मध्यकाला त्याने काही होत नाही.

आणखी एक बघा. लोक उत्पन्न गोल आकड्यांत सांगतात: पन्नास हजार, एक लाख, दीड लाख. १२० पैकी पंचवीस-तीस जणांनी 'एक लाख' सांगितलं असेल तर मध्यक नेमका एक लाख येऊ शकतो आणि कधी कधी एक चतुर्थकही तिथेच बसेल. तसं झालं तर ते लपवू नका, किती कुटुंबांनी तोच आकडा सांगितला ते परिच्छेदात एका वाक्यात द्या.

पुढच्या तक्त्यात भूमिहीन आणि जमीनवाले अशी तुलना असेल, तर दोन्ही गटांचे मध्यक व चतुर्थक वेगळे द्या. त्याखाली टी-चाचणी लावलेली असेल तर ती पुन्हा तपासा. ती सरासऱ्यांची तुलना करते, म्हणजे वर मध्यक आणि खाली सरासरीची चाचणी असं होईल, आणि सर पुन्हा लाल पेन काढतील. अशा वेळी सहसा मॅन-व्हिटनी चाचणी घेतात. ती कुटुंबांचे क्रमांक लावून बघते, म्हणून निकाल लिहिताना 'जमीनवाल्या कुटुंबांचे उत्पन्न भूमिहीनांपेक्षा जास्त असण्याकडे कल होता' असं लिहा. 'मध्यकांत फरक सिद्ध झाला' असं तेव्हाच म्हणता येतं, जेव्हा दोन्ही गटांच्या वितरणाचा आकार सारखा असतो, आणि केळी असलेला गट व नसलेला गट यांचा आकार सारखा निघेल असं मला वाटत नाही. दोन्हींचे हिस्टोग्राम शेजारी ठेवून एकदा बघून घ्या.