चार तास लवकर घरी पोहोचायचे पंच्याहत्तर डॉलर

«महिन्यातून दोनदा कामासाठी शिकागोहून न्यूअर्कला जाते. गुरुवारी रात्री ८:४० च्या फ्लाइटने परत, कारण कंपनी सगळ्यात स्वस्त तिकीटच मंजूर करते. मीटिंग बहुतेक वेळा दोनला संपते. ४:३० ची फ्लाइट असते. ॲपवर ७५ डॉलर भरून त्यात बदल करता येतो, नाहीतर फुकट स्टँडबाय, म्हणजे ऐनवेळी जागा उरली तरच बसायला मिळतं. नवरा त्या आठवड्यात हॉस्पिटलच्या नाइट शिफ्टवर असतो आणि मुलीजवळ तासाला २० डॉलर घेणारी बेबीसिटर. नवरा म्हणतो, उगाच ७५ कशाला, स्टँडबाय टाक. मी म्हणते, रात्री साडेअकराला घरी येण्यापेक्षा दिलेले बरे. बदलाची फी आणि पुढच्या सीटचे ३५ डॉलर माझ्या खिशातून जातात. कोणाचं बरोबर?» — नेपरव्हिल, इलिनॉय

ताई, तुमच्या दोघांच्या भांडणात मी पडणार नाही, पण हिशेब करून देतो. त्यातून निघतं ते असं की कधी नवरा बरोबर असतो, कधी तुम्ही. आणि हे ७५ डॉलरवर ठरत नाही, त्या दिवशी ४:३० च्या विमानात किती जागा उरल्यात त्यावर ठरतं.

आधी ही फी कशाची, ते बघू. २०२० मध्ये अमेरिकेतल्या मोठ्या विमान कंपन्यांनी देशांतर्गत प्रवासाच्या साध्या इकॉनॉमी तिकिटांवरचा बदलाचा दंड काढून टाकला. दंड गेला, भाड्यातला फरक मात्र राहिला. म्हणजे आज बसून तुम्ही ८:४० चं तिकीट ४:३० वर नेलंत, तर ४:३० चं आजचं भाडं आणि तुमचं जुनं भाडं यातला फरक भरावा लागतो. शेवटच्या दिवशी तो फरक दीडशे-दोनशे डॉलर सहज होतो. त्याच दिवशीच्या बदलाची सोय वेगळी आहे: साधारण शेवटच्या चोवीस तासांत तीच दोन गावं, तीच कंपनी आणि भाड्याच्या फरकाऐवजी एक ठरलेली छोटी फी. म्हणून ७५ हा आकडा स्वस्त वाटतो, आणि एका अर्थी तो आहेच. बेसिक इकॉनॉमीच्या तिकिटाला मात्र बहुतेक ठिकाणी हा दरवाजा बंद असतो किंवा जास्त पैसे पडतात. कंपनी ‘सगळ्यात स्वस्त’ म्हणते तेव्हा नेमकं तेच तिकीट गळ्यात पडत नाही ना, हे पुढच्या बुकिंगला बघून घ्या.

आता तुमचा गुरुवार. ४:३० ला निघालात तर शिकागोच्या घड्याळाने सहाच्या सुमाराला ओहेअरला उतराल आणि ट्रॅफिक धरून साडेसातला घरी. ८:४० ने साडेअकरा. बेबीसिटरचे चार तास वाचले, म्हणजे ८० डॉलर. त्यातून फीचे ७५ गेले की उरतात ५. निव्वळ रोख पैशात बघितलं तर सगळा खटाटोप एका कॉफीपुरता.

स्टँडबायला फी नाही, पण खर्च आहे. तुम्हाला साडेतीनपर्यंत गेटजवळ पोहोचावंच लागतं. नंबर लागला नाही तर साडेआठपर्यंत तिथेच बसायचं आणि विमानतळाच्या भावाने जेवायचं. त्याचे २० डॉलर धरू. तुमची ८:४० ची जागा मात्र सुटत नाही, आणि हे स्टँडबायचं सगळ्यात मोठं बलस्थान. पैसे भरून केलेल्या बदलात जुनी जागा सोडून द्यावी लागते.

म्हणजे नंबर लागला तर ८० चा फायदा, नाही लागला तर २० चा तोटा. चारातून एकदा नंबर लागणार असेल तर सरासरी फायदा बरोबर ५ डॉलर, पैसे भरून मिळतो तेवढाच. त्याहून जास्त वेळा लागणार असेल तर नवरा बरोबर.

पण या हिशेबात तुमची मुलगी नाही. साडेसातला घरी आलात तर ती जागी असते, साडेअकराला झोपलेली. तिला झोपवायला स्वतः हजर असणं तुमच्या लेखी किती डॉलरचं, हे मी ठरवू शकत नाही. समजा तुम्ही ४० म्हणालात. मग लवकर पोहोचण्याची किंमत १२० झाली. पैसे भरलेत तर हातात ४५ उरतात, आणि स्टँडबायने तेवढंच मिळवायला नंबर लागण्याची शक्यता निम्म्याच्या जवळ, सेहेचाळीस टक्क्यांच्या आसपास असावी लागते. शुक्रवारी सकाळी शाळेत तिचा कार्यक्रम असेल तर हाच आकडा आणखी वर जाईल. म्हणून एक आठवडा पैसे भरणं आणि दुसऱ्या आठवड्यात न भरणं यात विसंगती काही नाही. नवऱ्याला तसं सांगा.

खरी मेख शक्यता ओळखण्यात आहे. गुरुवारची दुपार ही कामाला गेलेल्या लोकांची घरी परतायची वेळ, त्यामुळे न्यूअर्क-शिकागोची ४:३० सहसा भरलेली. मंगळवारी किंवा शनिवारी मी इतका विचारच केला नसता. जागा किती आहेत हे पाहायला लोक सीटचा नकाशा उघडतात आणि फसतात. नकाशावर रिकाम्या दिसणाऱ्या कितीतरी जागा विकल्या गेलेल्या असतात, फक्त त्या प्रवाशांनी अजून सीट निवडलेली नसते. त्याऐवजी विमान कंपनीच्या साइटवर ४:३० ची फ्लाइट नऊ जणांसाठी शोधा, अर्थात खरेदी करायची नाही. नऊ जागा विकायला तयार असतील तर विमानात ऐसपैस जागा आहे. नऊ नाही मिळाल्या तर चार, मग दोन असं खाली या. दोनही मिळत नसतील तर स्टँडबायचा नाद सोडा.

यात एक विचित्र गोष्ट आहे. विमान मोकळं असतं तेव्हा पैसे भरायची गरज नसते, कारण स्टँडबायने जमून जातं. विमान गच्च असतं तेव्हा भरायचे म्हटले तरी जागा मिळत नाही. काही कंपन्या तर तुमच्या मूळ तिकिटाच्याच भाड्याच्या वर्गात जागा उरली असेल तरच बदल देतात, आणि स्वस्त वर्ग सगळ्यात आधी संपतात. म्हणजे ७५ डॉलर भरण्यात अर्थ असतो तो मधल्या पट्ट्यात, जिथे तीन-चार जागा दिसताहेत आणि त्या जाणार असं वाटतंय.

म्हणून मी असं करीन. बुधवारी रात्री पावणेनऊला, म्हणजे तुमच्या फ्लाइटच्या चोवीस तास आधीची खिडकी उघडली की लगेच, ॲपमधून स्टँडबायच्या यादीत नाव घालायचं. घरून किंवा हॉटेलमधून होतं. लवकर घालायचं कारण असं की यादीतला क्रम आधी सभासदत्वाच्या दर्जावर ठरतो, मग बहुधा भाड्याच्या वर्गावर आणि नाव कधी घातलं त्यावर. मग गुरुवारी दुपारी बारा वाजता पुन्हा बघायचं. सात-आठ जागा विक्रीला असतील तर पैसे न भरता गेटवर जायचं. तीन-चार उरल्या असतील आणि बदल मिळत असेल तर तेव्हाच ७५ भरून टाकायचे. दोनपर्यंत थांबलात तर तो पर्याय बहुधा हातचा गेलेला असतो. शून्य असेल तर क्लायंटच्या ऑफिसातच निवांत काम करत बसा, निदान वायफाय आणि चहा फुकट.

गेटवर यादीत अठरा नावं पाहून घाबरू नका. त्यातली बरीचशी विमान कंपनीच्या कर्मचाऱ्यांची आणि त्यांच्या घरच्यांची असतात, आणि ती तिकीट काढून आलेल्यांच्या नंतर घेतली जातात. उलट पहिल्या तीन नावांत आहात म्हणून खूशही होऊ नका. दुपारची एखादी फ्लाइट रद्द झाली की तिचे प्रवासी तुमच्या पुढे येऊन बसतात. नावं पुकारली जातात शेवटच्या अर्ध्या तासात, तेव्हा त्या वेळी खायला लांब जाऊ नका. आणि बॅग चेक-इन करू नका. बॅग एकदा आत गेली की काही कंपन्या बदलच देत नाहीत. दिलाच तर तुम्ही साडेसातला घरी आणि बॅग रात्री ओहेअरच्या पट्ट्यावर एकटी फिरतेय.

पैसे भरण्याआधी आणखी एक गोष्ट बघा. उन्हाळ्यात न्यूअर्कला संध्याकाळची वादळं येतात, आणि अशा दिवशी बऱ्याचदा विमान कंपनी स्वतःच त्या विमानतळासाठी बदलाची फी आणि भाड्याचा फरक माफ करते. ॲपच्या वर बारीक अक्षरात सूचना असते. ती न वाचता ७५ भरणारे लोक मी पाहिलेत. अशा दिवशी लवकरची फ्लाइट घेण्याचं महत्त्वही वाढतं. दिवसभराचा उशीर रात्रीच्या फ्लाइटच्या वाट्याला साचत येतो, आणि ८:४० रद्द झाली तर बेबीसिटरला रात्रभर थांबवावं लागेल. त्या गुरुवारी वरचा ८०-७५ चा हिशेब फाडून टाका आणि मिळेल ती आधीची फ्लाइट घ्या. हमी मात्र त्यातही नाही. एकदा मी असेच पैसे भरून आधीच्या विमानात बसलो, ते धावपट्टीजवळ दोन तास उभं राहिलं, आणि माझ्या जुन्या फ्लाइटमधले लोक माझ्यानंतर वीसच मिनिटांनी उतरले.

राहता राहिले ते ३५ डॉलर. तुम्ही फीवर भांडताय, पण मला जास्त खटकतो तो हा खर्च. पैसे भरून बदला किंवा स्टँडबायने जा, नव्या विमानात उरलेली सीट मिळते, बहुतेक वेळा मधली. स्वतःहून बदल केल्यावर जुन्या सीटचे पैसे परत मिळतीलच असं नाही. परतीच्या प्रवासाला, जो तुम्ही मोडायच्याच बेतात असता, ही सीट आगाऊ घेऊ नका. ८:४० नेच जायचं ठरलं तर गुरुवारी दुपारी घ्या, उरली असेल तर. महिन्यातून दोनदा म्हणजे वर्षाला ८४० डॉलर, आणि तेवढ्यात अकरा वेळा फी भरून होते.

तुमच्या कंपनीकडे एकदा विचारून बघा, ७५ ची पावती लावता येते का. रात्रीचं जेवण त्यांच्या खर्चाने असेल तर लवकर परतलात की त्यांचे तेवढे वाचतात, आणि काही ठिकाणी एवढ्यावर मान्य करतात. बेबीसिटरला मात्र ‘साडेसात’ असं कधीच सांगू नका. ‘साडेसात किंवा साडेअकरा, चारला कळवते’ असं सांगा, नाहीतर ती आठला दुसरं काम घेऊन बसेल.