चार महिन्यांचं बाळ, चोंदलेलं नाक आणि धुरीचा हट्ट

"माझ्या चार महिन्यांच्या मुलीला पहिल्यांदाच सर्दी झाली आहे. रात्री नाक चोंदतं, अंगावर पीत नाही. सासूबाई ओव्याची धुरी द्या म्हणतात. द्यावी का? घरी नेब्युलायझर आणून ठेवावा का?"

धुरी देऊ नका. ओव्याची नको, वेखंडाची नको, कुणी कितीही आग्रह केला तरी नको. मुलांच्या वॉर्डात परिचारिका म्हणून काम केलं आहे, म्हणून स्पष्ट सांगते.

माझी पुतणी नाशिकला सिडकोत राहते. जानेवारीतली रात्र, बाहेर कडाक्याची थंडी, दारं-खिडक्या बंद. एकच्या सुमाराला तिचा फोन आला. बाळ अंगाला लावलं की दोन घोट घेतं, सोडतं आणि किंचाळतं. छातीतून घुरघुर ऐकू येते. सासूबाईंनी धुपाटण्यात निखारे तयार ठेवलेले.

एवढं लहान बाळ मुख्यतः नाकानेच श्वास घेतं. तोंडात दूध असताना नाक बंद असेल, तर त्याला पिणं आणि श्वास यातलं एकच काहीतरी जमतं. भूक असूनही ते सोडतं ते त्यामुळेच. म्हणजे आधी नाक, मग दूध.

तिच्या घरात दोन बाटल्या होत्या. एकीवर झायलोमेटाझोलिन लिहिलेलं, ती मोठ्यांची. बाळासाठी ती बाजूला ठेवायला लावली. दुसरी साध्या मिठाच्या पाण्याची, 0.65 टक्के सोडियम क्लोराइडची. ती मुठीत धरून कोमट केली. बाळाला उताणं निजवून प्रत्येक नाकपुडीत दोन थेंब टाकले आणि मिनिटभर थांबलो. हे थांबणं लोक गाळतात, मग घट्ट शेंबूड निघत नाही. नंतर रबरी फुगा. तो बाहेरच दाबायचा, टोक नाकपुडीच्या तोंडाशीच टेकवायचं आणि दाब हळूहळू सोडायचा. नाकात घालून दाबला तर शेंबूड आणखी आत जातो. फुगा दिवसातून तीन-चार वेळांपेक्षा जास्त लावू नका; आतली त्वचा सुजते, कधी रक्त येतं आणि नाक आणखी चोंदतं. दूध पाजल्यावर तर नकोच, उलटी होते. नाक मोकळं झालं की बाळाला जरा उभट धरून लगेच पाजायचं, थोडं थोडं आणि जास्त वेळा. पुतणीचं बाळ त्या वेळी नेहमीच्या निम्मंच प्यायलं, दोन तासांनी पुन्हा प्यायलं. तेवढं पुरतं.

घुरघुरही बरीच कमी झाली. नाक साफ केल्यावर कमी होणारा आवाज बहुतेक नाकातलाच असतो, छातीवर हात ठेवला तरी तो तिथे जाणवतो. तरी श्वास मोजायला लावला. बाळ रडत असताना तिने 58 मोजले आणि घाबरली. रडतानाचा आकडा धरायचा नसतो. झोपल्यावर झबलं वर करून पूर्ण एक मिनिट मोजले तेव्हा 42 आले. पंधरा सेकंद मोजून चारने गुणू नका, बाळांचा श्वास एकसारखा चालत नाही. दोन महिने ते वर्षापर्यंत मिनिटाला 50 किंवा जास्त म्हणजे श्वास वेगाने चालला आहे. दोन महिन्यांच्या आत ही मर्यादा 60.

आता धुरी. "आम्ही तुम्हाला धुरी देऊनच वाढवलं" हे वाक्य मी वॉर्डाच्या दारात सतत ऐकलं आहे. सर्दी साधारण आठ-दहा दिवसांत आपोआप उतरते आणि श्रेय धुरीला मिळतं. धुराने आधीच सुजलेलं नाक आणखी सुजतं. शिवाय बंद खोलीतले निखारे कार्बन मोनॉक्साइड सोडतात, त्याला वासही नसतो. कापूर, बाम, नाकात तेल आणि वर्षाच्या आत मध हेही नको. पुतणीच्या सासूबाईंनी निखारे बाहेर नेले आणि पहाटेपर्यंत नातवाला खांद्यावर उभं धरून बसल्या, तेव्हा कुठे पुतणी झोपली. घरात मोठं माणूस असावं ते यासाठी.

झोपवताना बाळ उताणंच, उशी नको. सर्दी-खोकल्याचं सिरप मनाने देऊ नका. क्लोरफेनिरामिन आणि फिनाइलेफ्रिनचं मिश्रण चार वर्षांखाली देऊ नये, असं औषध नियंत्रकांनीच 2023 मध्ये बजावलं आहे.

हे सगळं वेळेवर जन्मलेल्या, एरवी धडधाकट बाळासाठी. श्वासाबरोबर बरगड्यांखाली खड्डा पडत असेल (आपल्याकडे "पोट उडतंय" म्हणतात), श्वास वेगाने चालत असेल, ओठ निळसर दिसत असतील, बाळ निम्म्याहून कमी पीत असेल किंवा लंगोट फारसे ओले होत नसतील, तर सकाळची वाट पाहू नका. तीन महिन्यांच्या आत 100.4 अंश ताप आला तरी तसंच. पोट उडतं म्हणून कुणी बिब्बा किंवा डाग द्यायला निघालं, तर बाळ उचला आणि दवाखान्यात जा.

नेब्युलायझर साध्या सर्दीसाठी लागत नाही. त्यातलं औषध छातीसाठी असतं, आणि ते डॉक्टरांनी लिहून दिलं तरच.